फी किती वाढणार, आणि का?

शाळेची फी वाढणार हे पालकांना बहुतेक वेळा दोन ओळींच्या सूचनेतून कळते. ‘वाढती महागाई लक्षात घेता’ अशी सुरुवात असते आणि शेवटी टक्केवारी असते. मग सभा होते. मुख्याध्यापक शाळेच्या निकालांविषयी, स्पर्धा परीक्षांविषयी, नव्या प्रयोगशाळेविषयी अर्धा तास बोलतात आणि मूळ आकडा शेवटच्या पाच मिनिटांत येतो. तोवर मागच्या रांगेत कुजबुज सुरू झालेली असते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार शाळेच्याच अंगलट येतो. लपवण्यासारखे काही नसले, तरी पालकांना ते आहे असे वाटू लागते.

माझे मत स्पष्ट आहे. फीवाढीचे कारण मुख्याध्यापकांनी स्वतः, तोंडी, समोर उभे राहून सांगावे आणि पहिल्याच वाक्यात रुपयांतला आकडा सांगावा. त्यानंतर एका मुलामागे शाळेचा खर्च किती, तो कशावर होतो, वाढ कमी करायची तर काय सोडावे लागेल, हे ओळीने यावे. अशी मांडणी प्रत्यक्षात कशी होते हे पाहण्यासाठी एक नमुन्याची शाळा घेऊ. शाळा कल्पित आहे आणि आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, पण महाराष्ट्रातल्या मध्यम फीच्या विनाअनुदानित शाळेचा जमाखर्च साधारण याच वळणाने जातो.

पहिली ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत तीस मुले, म्हणजे एकूण ६०० मुले. वार्षिक फी ३६,००० रुपये. त्यांतली १२० मुले शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर पहिली ते आठवीत शिकतात. त्यांच्याकडून फी घेता येत नाही, तिची प्रतिपूर्ती सरकारने करायची असते. फी भरणारी मुले उरली ४८०. बसचा हिशेब वेगळा ठेवलेला आहे, तो यात धरलेला नाही.

अशा शाळेच्या मुख्याध्यापिकेने सभेत बोलायला कशी सुरुवात करावी?

“पालकहो, पुढच्या जूनपासून वार्षिक फी ३६ हजारांवरून ४० हजार करावी असा व्यवस्थापनाचा प्रस्ताव आहे. वाढ चार हजारांची, म्हणजे महिन्याला साधारण ३३३ रुपये. टक्क्यांत सांगायचे तर अकराच्या थोडी वर. हा प्रस्ताव आहे, निर्णय झालेला नाही. आता हा आकडा आला कुठून ते सांगते.”

एवढे पहिल्या मिनिटात सांगून झाले की ऐकणाऱ्यांचे लक्ष पुढच्या कारणांकडे वळते. रुपये आणि टक्के दोन्ही सांगावेत, कारण नुसत्या टक्क्यांनी घरचा हिशेब होत नाही आणि नुसत्या मासिक रकमेने वाढ आहे त्याहून लहान भासते.

पुढे खर्च. इथे मोठ्या बेरजा सांगून उपयोग नसतो. एक कोटी ९२ लाख म्हटले की समोरच्या माणसाच्या मनात ‘बापरे’ याशिवाय काही उमटत नाही. तोच आकडा सहाशेने भागला की एका मुलामागे वर्षाला ३२,००० रुपये येतात आणि मग त्याची फोड करता येते. या शाळेत २८ शिक्षक आहेत, त्यांचा सरासरी पगार महिना ३२ हजार. लिपिक, शिपाई, मावशी, प्रयोगशाळा सहायक असे दहा जण आहेत, त्यांचा सरासरी पगार १६ हजार. त्यावर भविष्य निर्वाह निधीतला शाळेचा वाटा आणि ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढायची रक्कम. शिक्षकांना ग्रॅच्युइटी द्यावी लागते का, याविषयी अनेक वर्षे वाद होता. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक त्या कायद्यात आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून मागच्या तारखेने, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या बाई निवृत्त होतात तेव्हा ही रक्कम एकदम द्यावी लागते. दरवर्षी तिच्यासाठी थोडे बाजूला न काढणारी शाळा त्या वर्षी अडचणीत येते. हे सगळे मिळून १ कोटी ४१ लाख होतात. एका मुलामागच्या ३२ हजारांतले साडेतेवीस हजार असे माणसांवर खर्च होतात.

उरलेल्या साडेआठ हजारांत वीज, पाणी, सफाई आणि सुरक्षा रक्षक यांचे सुमारे २,६७०. दुरुस्ती, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि संगणक यांचे दोन हजार. विमा, मालमत्ता कर, छपाई, परीक्षा, लेखापरीक्षण यांचे दीड हजार. आणि इमारतीच्या कर्जाच्या हप्त्याचे सुमारे २,३३०.

सभेतला सर्वांत अवघड आणि सर्वांत रास्त प्रश्न इथे येतो. कुणीतरी पालक उठून विचारणारच, “मॅडम, खर्च ३२ हजार आणि फी ३६ हजार. मग वरचे चार हजार जातात कुठे? तो नफा नाही का?”

या प्रश्नाला बगल दिली की सभा हातची गेली. उत्तर असे आहे. ४८० मुलांचे प्रत्येकी चार हजार म्हणजे १९ लाख २० हजार. शिक्षणहक्काच्या जागांवरच्या मुलामागे राज्य सरकारने गेल्या काही वर्षांत ठरवलेली प्रतिपूर्ती वर्षाला १७,६७० रुपये आहे, आणि या शाळेचा खर्च ३२ हजार. एका मुलामागे १४,३३० रुपये कमी पडतात. १२० मुलांचे ते १७ लाख २० हजार होतात. वरच्या रकमेतला जवळजवळ सगळा भाग ही तूट भरण्यात जातो आणि वर्षाअखेर दोन लाखांच्या आसपास उरतात.

हे सांगताना मुख्याध्यापिकेने फार जपून बोलायला हवे. ‘त्या मुलांमुळे तुमची फी वाढते’ असे एक वाक्य सभेत निघाले तर दुसऱ्या दिवशी ते वर्गात पोचते आणि आठ वर्षांच्या मुलाला डबा खाताना ऐकावे लागते. ते वाक्य हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे. त्या जागा रिकाम्या ठेवल्या तरी तुकडी तीच राहते, शिक्षक तोच, पंखे तेच. खर्च फारसा कमी होत नाही, प्रतिपूर्ती मात्र जाते. त्या जागांवर फी भरणारी मुले घेतली असती तर फी कमी ठेवता आली असती, हे खरे आहे आणि तेही मोकळेपणाने सांगावे. पण कायद्याने त्या जागा त्या मुलांच्या आहेत. कमी पडणारी रक्कम सरकारने ठरवलेल्या दरातून आलेली आहे, तेव्हा तिचा जाब सरकारकडे मागायचा. शिवाय ही प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही, ही राज्यभरातल्या शाळांची जुनी तक्रार आहे. म्हणून मुख्याध्यापिकेने पुढे हेही सांगावे:

“प्रतिपूर्तीचे २१ लाख पूर्ण मिळतील असे धरून मी हिशेब केला आहे. ते रखडले तर ती झळ संस्था सोसेल, त्यासाठी तुमच्याकडून जादा मागणार नाही. मागची थकबाकी आली तर ती ताळेबंदात जमेकडे दिसेल, ती तुम्ही तपासा.”

आता वाढीकडे. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११’ लागू आहे. त्यानुसार एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बांधील राहते. या एका तरतुदीमुळे फीवाढीचे गणित पालकांना वाटते त्याहून वेगळे होते, आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त होतात.

या शाळेत पगार आणि त्याला जोडलेल्या देण्यांवर वर्षाला सात टक्के वाढ धरली आहे, इतर खर्चांवर पाच टक्के. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही बंधनकारक केले. त्याचे सहा लाख रुपये चार वर्षांत विभागून वर्षाला दीड लाख धरले आहेत. शालेय शिक्षणाला जीएसटीतून सूट आहे, त्यामुळे फीवर कर लागत नाही. पण त्याच कारणाने कॅमेरे किंवा संगणक घेताना शाळेने भरलेला १८ टक्के जीएसटी तिला परतही मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो.

या दराने पहिल्या वर्षी खर्च १ कोटी ९२ लाखांवरून २ कोटी ६ लाखांवर जातो, दुसऱ्या वर्षी सुमारे २ कोटी १९ लाखांवर. फी ४० हजार केली तर प्रतिपूर्तीसह जमा होते २ कोटी १३ लाख, दोन्ही वर्षी तेवढीच. म्हणजे पहिल्या वर्षी सात लाख उरतात आणि दुसऱ्या वर्षी सहा लाख कमी पडतात. पहिल्या वर्षाचा जमाखर्च हातात पडला की पालक म्हणतात, ‘बघा, सात लाख शिल्लक, आणि आमच्याकडून वाढीव फी घेतली.’ दुसऱ्या वर्षीचा कागद सहसा कुणी मागत नाही. म्हणून शहाण्या मुख्याध्यापिकेने हे आधीच सांगून ठेवावे: पुढच्या वर्षी शिल्लक दिसेल, ती त्याच्या पुढच्या वर्षासाठी आहे, आणि दोन वर्षे मिळून हाती राहील सुमारे एक लाख.

थोडी शिल्लक राहणे बेकायदा नाही, हेही समजून घ्यायला हवे. २००२ च्या टी.एम.ए. पै फाउंडेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांना फी ठरवण्याची आणि विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवण्याची मुभा दिली, नफेखोरीला मनाई केली. २००४ च्या दिल्लीतल्या मॉडर्न स्कूल खटल्यात शाळेच्या फीतला पैसा ती चालवणाऱ्या संस्थेकडे वळवण्याचा प्रश्न आला आणि न्यायालयाने तसे करण्यास मनाई केली. पालकांनी ताळेबंदात पाहायचे ते हे: शिल्लक शाळेच्याच खात्यात आहे का, की ‘संस्थेला देय’ अशा एखाद्या ओळीतून बाहेर जाते आहे? आणखी एक गोष्ट जमाखर्च वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. संगणकांची पूर्ण किंमत एकाच वर्षी खर्चात टाकली आहे आणि त्याच संगणकांचा घसाराही वेगळा लावला आहे, असे दिसले तर तोच खर्च दोनदा वसूल होतो आहे. इमारतीच्या बाबतीतही कर्जाचा पूर्ण हप्ता आणि घसारा दोन्ही फीत धरले आहेत का, हे विचारावे.

या शाळेचे कर्ज दोन वर्षांत फिटणार आहे. ते फिटले की वर्षाचे १४ लाख सुटतील, म्हणजे फी भरणाऱ्या प्रत्येक मुलामागे २,९०० रुपये. पुढच्या प्रस्तावात ही सूट दिसली पाहिजे, असे मुख्याध्यापिकेने आजच सांगून इतिवृत्तात लिहून घ्यावे. गच्चीची गळती, नवे बाक असे खर्च तेव्हा पुढे येतील, पण ते या १४ लाखांतून वजा होताना पालकांना दिसतील.

यानंतर पर्याय. ‘दुसरा इलाजच नाही’ असे म्हणणारा मुख्याध्यापक मला पटत नाही. इलाज असतात, प्रत्येकाची किंमत असते, आणि ती पालकांना कळली की निवड त्यांनाही करता येते.

पहिला पर्याय पगारवाढ निम्मी करण्याचा. सातऐवजी साडेतीन टक्के दिले तर दोन वर्षांची सरासरी काढता वर्षाला पावणेआठ लाख वाचतात आणि फीवाढ चार हजारांऐवजी चोवीसशेच्या आसपास येते. पालकांना हा पर्याय आकर्षक वाटतो. पण ३२ हजार पगाराच्या शिक्षकाला महिन्याला ११२० रुपये कमी मिळतील. खासगी शाळांतून शिक्षक जातात ते बहुधा दिवाळीच्या आसपास, दुसरीकडे दोन-तीन हजार जास्त मिळाले की. नववीच्या गणिताच्या बाई नोव्हेंबरमध्ये गेल्या की नवीन शिक्षक मिळेपर्यंत महिना जातो, नवा शिक्षक पहिल्या धड्यापासून अंदाज घेतो आणि पालक शिकवणीचे वर्ग शोधू लागतात. वाचलेल्या सोळाशे रुपयांच्या कितीतरी पट पैसे शिकवणीत जातात. हे मुख्याध्यापिकेने सांगावे, आणि गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून गेले तो आकडाही द्यावा. तो आकडा नगण्य असेल तर सात टक्क्यांचा आग्रह तिला थोडा सैल करावा लागेल, हेही मान्य करावे.

दुसरा पर्याय तुकड्या भरण्याचा. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. त्यामुळे खालच्या वर्गांत जागा नाही. सहावी ते दहावीच्या दहा तुकड्यांत मात्र प्रत्येकी पाच मुले बसू शकतात. कागदावर ही पन्नास मुले म्हणजे आजच्याच फीने १८ लाख; जवळजवळ सगळी फीवाढ टळते! पण सहावीनंतर शाळा बदलणारी मुले कमी असतात. बदली होऊन आलेली कुटुंबे, जवळ नवीन वसाहत झाली असेल तर तिथली मुले, एवढाच ओघ. दहा मुले मिळतील असे धरणे वाजवी आहे. ती आली तर वर्षाला चार लाख मिळतात, शिक्षक एकही वाढवावा लागत नाही.

तिसरा पर्याय छोटा आहे. सुटीच्या दिवशी मैदान क्रिकेट वर्गाला आणि सभागृह कार्यक्रमांना भाड्याने देणे, त्यातून वर्षाला दीड लाख. मोठ्या शहरात याहून जास्त मिळू शकते. पण सफाई, रक्षकाचा जादा वेळ आणि मोडतोड वजा करूनच रक्कम सांगावी.

या तिन्ही पर्यायांतून एक तोडगा निघतो. पगारवाढ आहे तशी ठेवायची. दहा मुले आणि मैदानाचे भाडे हे साडेपाच लाख जमेला धरायचे. मग ४० हजारांची गरज उरत नाही, ३९ हजारांत भागते. वाढ तीन हजारांची, सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. धोका एवढाच की ती दहा मुले आली नाहीत तर वर्षाला पावणेतीन लाख कमी पडतील. तो धोका कोण पत्करणार हे सभेतच बोलून घ्यावे. माझ्या मते तो व्यवस्थापनाने पत्करावा, कारण मुले आणण्याचे काम त्यांच्या हाती आहे.

ज्या घरांना तीन हजारही जड आहेत, त्यांच्याविषयी मुख्याध्यापिकेने न विचारता बोलावे. कुणाकडे अर्ज करायचा, तो कोण वाचणार, नाव गुप्त कसे राहणार, हप्ते किती मिळतील. मुलाला फीवरून वर्गाबाहेर उभे करणार नाही आणि दाखला अडवणार नाही, हेही स्पष्ट शब्दांत यावे. दाखला तातडीने देणे शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणापुरते बंधनकारकच आहे.

शेवटी प्रक्रिया. ती मुख्याध्यापिकेने सांगितली नाही तर पालकांनी विचारावी. कायद्याप्रमाणे प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सभासद असतो. त्यातून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडली जाते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. फीचा प्रस्ताव हिशेबाच्या कागदांसह या समितीपुढे पुढचे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी यावा लागतो. जूनमध्ये भरणाऱ्या शाळेसाठी ही मुदत डिसेंबरच्या मध्याला संपते. समितीने तीस दिवसांत निर्णय घ्यायचा. व्यवस्थापन आणि समिती यांच्या आकड्यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते, आणि नंतरच्या दुरुस्तीने किमान २५ टक्के पालकांनाही एकत्र येऊन तिथे दाद मागण्याची वाट मिळाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये अचानक जाहीर झालेली फीवाढ ही वरातीमागून घोडे असते. तिथे पहिला प्रश्न आकड्याचा विचारू नका. समितीची सभा कोणत्या तारखेला झाली आणि तिचे इतिवृत्त कुठे आहे, ते विचारा.

आपल्या शाळेत या समितीची सोडत कधी निघते, हे पुष्कळ पालकांना माहीतही नसते. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच संघ स्थापन व्हायचा असतो. यंदा त्या सोडतीला हजर राहा, आपले नाव चिठ्ठ्यांत आहे याची खात्री करा, आणि निवडून आलात तर डिसेंबरपूर्वी दोन वर्षांचा जमाखर्च मागून घ्या.